दुखणे सगळ्यांचे, मोर्चा कुणाचा?

दिवाळीच्या फराळात ज्या पोह्यांचा चिवडा होतो ते पोहे धानाचे, आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान कापणीला येते ते नेमके याच दिवसांत. त्यामुळे फराळाचे ताट हातात असताना धानाच्या शेतकऱ्याविषयी दोन शब्द लिहिले तर वाचकांनी रागावू नये. अर्थात माझे भांडण धानाशी नाही, शेतकऱ्याशी तर नाहीच नाही. ते आहे शेतकऱ्याच्या आंदोलनावर निबंध लिहिणाऱ्या विद्वान मंडळींशी.

समाजशास्त्राचे असले निबंध वाचण्यात आणि तपासण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. त्यांचा साचा आता मला तोंडपाठ झाला आहे. पहिली दोन पाने शेतकऱ्याच्या हालअपेष्टांची. मग ‘साधन-जुळवणीचा सिद्धांत’ (रिसोर्स मोबिलायझेशन) येतो आणि त्याखाली यादी लागते: पैसा होता, पुढारी होते, ट्रॅक्टर होते. मग ‘मांडणीचा सिद्धांत’ (फ्रेमिंग) येतो आणि त्याखाली घोषणा उतरवल्या जातात. शेवटी एक ठरलेले वाक्य: यावरून हे दोन्ही सिद्धांत प्रस्तुत आंदोलनास लागू पडतात, असे दिसून येते. टोपी प्रत्येक डोक्यावर बसली, पण डोक्याविषयी काही कळले का? माझे म्हणणे असे की काहीही कळले नाही. आणि ज्यांच्या नावाने हे चालले आहे त्यांनीही असे काही सांगितलेले नव्हते.

मॅकार्थी आणि झाल्ड या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1977 साली जो लेख लिहिला त्याचा गाभा अगदी साधा आहे. गाऱ्हाणी तर समाजात नेहमीच असतात, मग चळवळ काही ठिकाणी आणि काही वेळीच का उभी राहते? त्यांचे उत्तर असे की फरक दुःखात नसून साधनांत असतो. वेळ, पैसा, संघटना आणि बाहेरची सहानुभूती कुणाच्या हाती आली, हे पाहावे. हे एकदा मान्य केले की निबंधाची पहिली दोन पाने आपोआप गळून पडतात. हाल झाले म्हणून आंदोलन झाले असे लिहायचे आणि खाली मॅकार्थी-झाल्ड यांचे नाव घालायचे, हे म्हणजे ज्या घरात जेवलो त्याच घराला नावे ठेवण्यासारखे आहे.

त्याच वर्षी जेंकिन्स आणि पेरो यांनी हा विचार कसा वापरायचा ते दाखवून दिले. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांची एक संघटना 1946 नंतरच्या वर्षांत फसली, आणि 1965 नंतर दुसरी यशस्वी झाली. मजुरी तशीच तुटपुंजी होती, मालकही तसेच होते. मग बदलले काय? त्यांच्या मते बाहेरचा पाठिंबा बदलला. कामगार संघटना, धर्मसंस्था आणि द्राक्षांवर बहिष्कार टाकणारी शहरी गिऱ्हाइके दुसऱ्या वेळी मजुरांच्या मागे उभी राहिली. त्यांचे उत्तर पटो वा न पटो, पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. त्यांनी दोन प्रसंग शेजारी ठेवले आणि फरक शोधला. एकट्या प्रसंगापुढे सिद्धांत ठेवला की तो नेहमी हो म्हणतो.

तेव्हा आपणही दोन प्रसंग शेजारी ठेवू. नोव्हेंबर 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवर कांदा आणि ऊस पिकवणाऱ्यांनी रस्ते आणि रेल्वे अडवली आणि सरकारला हलवले. धानाचा शेतकरी मात्र रास्त भावासाठी वर्षानुवर्षे निवेदने देतो, मोर्चे काढतो, पण नाशिकसारखा वणवा आमच्याकडे पेटत नाही. असे का?

साचेबंद निबंध सांगेल की तिकडे साधने होती, इकडे नाहीत. आता हे तपासू. मुंबई-आग्रा हमरस्ता नाशिकमधून जातो हे खरे. पण मुंबई-हावडा लोहमार्गही गोंदियातून जातो, आणि गोंदिया हे मोठे जंक्शन आहे. अडवायला रूळ आमच्याकडेही आहेत. संघटना म्हणाल तर गावोगाव सहकारी संस्था आहेत. म्हणजे यादी केली तर दोन्हीकडे खुणा सारख्याच पडतात. यादीने फरक सापडत नाही तो इथे.

फरक सापडतो तो साधन कुणाच्या मुठीत आहे हे विचारल्यावर. आधारभूत किमतीची खरेदी आमच्याकडे सरकारच्या वतीने मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ करते. प्रत्यक्ष केंद्रे चालवतात त्यांच्या हाताखालच्या सहकारी संस्था, आणि त्यांना त्याबद्दल कमिशन मिळते. म्हणजे गावातली जी संस्था माणसे गोळा करू शकली असती, तीच संस्था ज्याच्याविरुद्ध मोर्चा काढायचा त्याचा काटा धरून बसलेली आहे. साधन आहे, पण ते मोकळे नाही. निबंधात ‘सहकारी संस्था: उपलब्ध’ एवढेच लिहिले तर मुख्य गोष्टच निसटते.

दुसरे असे की कांदा बाजारात आला नाही तर शहरातल्या स्वयंपाकघरात लगेच कळते, आणि ऊस वेळेवर आला नाही तर कारखान्याचा गळीत हंगाम अडतो. धान अडवले तर? रेशनचा तांदूळ केंद्राच्या साठ्यातूनही येतो, आणि तो साठा अनेक राज्यांच्या खरेदीतून भरतो. आमच्या जिल्ह्याने धान रोखले तर सरकारचे चुलाण विझत नाही, शेतकऱ्याचेच विझते. म्हणून इथल्या आंदोलनाची चाल निराळी. ते माल अडवीत नाही, ते नागपूरकडे पाहते. खरिपाची धानविक्री आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन एकाच सुमारास येतात; 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी धानासाठीच्या मदतीची घोषणा त्या अधिवेशनातच झाली. आणि हे सांगायला साधन-जुळवणीचा सिद्धांत अपुरा पडतो हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. साधने किती यापेक्षा त्या साधनांनी समोरच्याचे काय अडते, हा वेगळाच प्रश्न आहे.

आता मांडणीकडे वळू. स्नो आणि बेनफर्ड यांनी 1988 साली सांगितले की चळवळीला तीन कामे करावी लागतात: दुखण्याचे निदान करायचे, उपाय सांगायचा आणि उठण्याची उमेद द्यायची. शरद जोशींची मांडणी या दृष्टीने नमुनेदार होती. निदान असे की शेतीमालाचे भाव धोरणानेच पाडले जातात; उपाय एकच, उत्पादन खर्चावर आधारलेला रास्त भाव; आणि उमेद स्वाभिमानाची, की आम्हाला भीक नको, घामाचे दाम हवेत. इतके निबंधवाल्यांनाही ठाऊक असते. पण मांडणी केवळ पुढारीच करतात अशी त्यांची समजूत असते. समोरचे सरकारही मांडणी करीत असते, आणि ती घोषणेतून नव्हे, शासन निर्णयातून करते.

बोनसचेच पाहा. 2020-21 च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 1868 रुपये होती आणि राज्याने वर 700 रुपये दिले, कमाल 50 क्विंटलपर्यंत. पुढच्या वर्षी किंमत 1940 झाली, पण बोनस आला नाही. म्हणजे किंमत 72 रुपयांनी वाढूनही हाती 628 रुपये कमी पडले. 2022-23 मध्ये मदत परत आली ती रूप बदलून: हेक्टरी 15,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत. पुढच्या वर्षी ती हेक्टरी 20,000 झाली.

वरवर पाहता हा आकड्यांचा फेरफार. पण क्विंटलवर मिळते तो दाम, आणि हेक्टरवर मिळते ती मदत. मापाचे एकक बदलले आणि ज्या शब्दावर नाशिकचे आंदोलन उभे राहिले होते तो शब्दच हळूच बाजूला झाला. त्याहून पुढचे पाहा. हेक्टरी 30 क्विंटल पिकवणाऱ्याला 700 च्या हिशेबाने 21,000 मिळाले असते, त्याला 15,000 मध्ये तोटा आहे. पण हेक्टरी 20 क्विंटल काढणाऱ्याला जुन्या हिशेबाने 14,000 मिळाले असते, त्याला हजाराचा फायदा. साधारण एकवीस-साडेएकवीस क्विंटलवर काटा पडतो. म्हणजे इटियाडोहच्या पाण्यावरचा शेतकरी आणि आभाळाकडे पाहणारा कोरडवाहू शेतकरी, दोघांनी एकच मागणी करावी असे कारण उरले नाही. ‘आम्ही शेतकरी’ या शब्दातला ‘आम्ही’ एका शासन निर्णयाने दुभंगू शकतो. सरकारने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. क्विंटलवरच्या बोनसमध्ये व्यापाऱ्याचे धान दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर खपते ही तक्रारही जुनीच आहे. हेतू काही असो, परिणाम अभ्यासण्याजोगा आहे, आणि तो घोषणांच्या यादीत कधीच सापडणार नाही.

कुणी म्हणेल, पोरांनी आधी शब्द तरी शिकू द्या, तपासणी पुढे करतील. हा बचाव मला मान्य नाही. मुलाला तराजू दिला आणि वजने दिलीच नाहीत, तर तो तोलायला शिकत नाही, नुसता तराजू मिरवायला शिकतो. निबंधाच्या आरंभी दोन ओळी लिहून घ्याव्यात, एवढीच माझी मागणी आहे: काय आढळले तर हा सिद्धांत इथे चुकला असे मी मानीन? धानाच्या बाबतीत उदाहरण देतो. सहकारी संस्था बांधलेल्या आहेत म्हणून मोर्चा जोर धरत नाही असे माझे म्हणणे असेल, तर जिथे शेतकरी केंद्रावर न जाता थेट गिरणीवाल्याला धान विकतात त्या गावांतून माणसे जास्त निघाली पाहिजेत. मोर्चाच्या निवेदनावरच्या सह्या गावांप्रमाणे मोजा. त्या गावांतून जास्त निघत नसतील तर माझे म्हणणे खोटे, आणि मग निबंधाच्या अखेरीस तसेच लिहावे लागेल.