रोही आडवा आला, बंपर फुटला. क्लेम करायचा की नाही?

पातूर घाटातून रात्री घरी येताना किंवा अकोल्याहून परतताना रस्त्यावर रोही आडवा येणे आपल्याकडे नवे नाही. माणसे वाचली की देवाचे आभार मानायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला न्यायची. तिथे पहिला प्रश्न येतो, "इन्शुरन्स आहे ना? मग क्लेम टाकू का?" आपण सहज हो म्हणतो. वर्षाला हप्ता भरतो, मग सोडायचे कशाला, असा साधा विचार त्यामागे असतो. माझे मत वेगळे आहे. किरकोळ नुकसानाचा क्लेम बहुतेक वेळा तोट्याचा सौदा ठरतो, आणि हा हिशेब ज्याला समजला त्याला नूतनीकरणाची कोटेशन्सही नीट वाचता येतात.

एक उदाहरण घेऊ. १२०० सीसीची पेट्रोल गाडी, पाचव्या वर्षाची पॉलिसी चालू आणि आजवर एकही क्लेम नाही. सप्टेंबरमध्ये रोही धडकला. गॅरेजचे बिल ८,००० रुपये निघाले. त्यात बंपर ३,६००, रंग २,४०० आणि मजुरी २,०००. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणून बंपरचे १,८०० रुपयेच धरले जातात. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा मानून त्याचे निम्मे कापतात, म्हणजे रंगाचे २,१०० उरतात. मजुरी पूर्ण मिळते. बेरीज झाली ५,९००. त्यातून १,००० रुपयांची सक्तीची वजावट जाते. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये एवढी रक्कम मालकानेच सोसायची असते. शेवटी कंपनीकडून मिळाले ४,९०० रुपये.

आता गेले किती ते पाहू. क्लेम न केल्यास मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, एका वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के अशी चढते. ती मिळते फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी तिचा संबंध नाही. वरच्या गाडीला ऑक्टोबरच्या नूतनीकरणात ५० टक्के सवलत मिळणार होती. एक क्लेम केला की ती थेट शून्यावर येते आणि पायरी पुन्हा पहिल्यापासून चढावी लागते.

समजा सवलतीआधीचा नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये आहे. क्लेम न करणाऱ्याला दर वर्षी ५० टक्के मिळत राहिले असते. क्लेम करणाऱ्याला आधी शून्य, मग २०, २५, ३५ आणि ४५ टक्के मिळतील. पाच वर्षांतला फरक अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे एकूण १२५ टक्के होतो. ८,००० चे १२५ टक्के १०,००० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ११,८०० रुपये. घेतले ४,९००, गमावले ११,८००. झिरो डेप्रिसिएशनची जोड असती, तरी हाती ७,००० च आले असते.

या हिशेबाच्या मर्यादाही सांगतो. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे तोटा थोडा कमी भरेल. उलट मधल्या काळात नवी गाडी घेतली तर तोटा वाढेल, कारण बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो जुनी गाडी विकून नव्या गाडीवर नेता येतो आणि नव्या गाडीचा हप्ता मोठा असतो. म्हणून पन्नास टक्क्यांवर पोहोचलेल्या माणसाने एक ढोबळ नियम धरावा. सवलतीआधीच्या नुकसानीच्या हप्त्याची सव्वापट करा आणि कंपनीकडून त्याहून स्पष्ट जास्त मिळणार असेल तरच क्लेम करा. इंजिन, चेसिस किंवा पुढचा सगळा भाग गेला असेल तर मात्र अजिबात कचरू नका. गॅरेजचा अंदाज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घ्या, कारण कंपनीला उशिरा कळवले तर वाद होतो. कुणाला इजा झाली असेल तर हा हिशेब बाजूला ठेवून पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवायचे.

आता ऑक्टोबरमध्ये मोबाइलवर आलेली दोन कोटेशन्स पाहू. पहिले ८,७५१ रुपयांचे, दुसरे ७,४५३ चे. १,२९८ रुपयांचा फरक पाहून कुणीही दुसऱ्यावर बोट ठेवेल. दोन्हींत थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६ रुपयेच आहे, कारण जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तो दर सरकारनेच ठरवून दिला आहे. त्यात कुणी स्वस्त नाही आणि कुणी महाग नाही. मग फरक आला कुठून?

पहिल्यात गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ४ लाख आहे. दुसऱ्यात ती ३ लाख ४० हजार केली आहे आणि ५,००० रुपयांची ऐच्छिक वजावट घातली आहे. गाडी चोरीला गेली तर दुसऱ्या पॉलिसीत ६०,००० रुपये कमी मिळतील, वर ५,००० कापले जातील. १,२९८ रुपयांसाठी हा धोका मी पत्करणार नाही. म्हणून आधी दोन्ही कोटेशन्सची आयडीव्ही सारखी करून घ्या. त्याशिवाय तुलना होतच नाही.

ऐच्छिक वजावट मात्र सरसकट वाईट नाही. ती सक्तीच्या १,००० रुपयांच्या वर लागते. म्हणजे रोह्याच्या त्या ५,९०० रुपयांत कंपनीकडून काहीच आले नसते. पण तो क्लेम आपण तसाही करणार नव्हतो. मग जे मागणारच नाही त्याचा हप्ता का भरायचा, हा विचार योग्यच आहे. फक्त बदल्यात मिळणारी सूट मोजायला हवी. वरच्या कोटेशनमध्ये वजावटीमुळे जीएसटीसह साधारण ५९० रुपये वाचतात. मोठा क्लेम साडेआठ वर्षांतून एकदाच आला तर बरोबरी होते. रोज घाटातून ये-जा करणाऱ्याने ती घेऊ नये. गाडी लग्नकार्यापुरतीच बाहेर काढणाऱ्याने घ्यायला हरकत नाही.

दोन चुका मात्र सगळा हिशेब उधळतात. मागच्या वर्षी क्लेम झाला असताना कोटेशनमध्ये कुणी "बोनस ५० टक्के" भरून दिला, तर हप्ता स्वस्त दिसतो, पण नवी कंपनी जुन्या कंपनीकडे खात्री करते आणि नेमक्या अपघाताच्या वेळी नुकसानीचा क्लेम अडतो. फॉर्म एजंटने भरला तरी सही आणि जबाबदारी आपलीच असते. दुसरी चूक सोयाबीनच्या पैशांची वाट पाहण्याची. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांपर्यंत बोनस टिकतो, हे खरे. पण त्या दिवसांत संरक्षण काहीच नसते. थर्ड पार्टी विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड आहे, आणि कुणाला धडक बसली तर भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. पूर्ण हप्त्याची सोय नसेल तर निदान थर्ड पार्टी तरी वेळेत भरा, नाहीतर पैसे येईपर्यंत गाडी अंगणातच राहू द्या.