पोटगीची रक्कम भावाच्या दुकानात ठेवू नका



आपल्या समाजात एखादी मुलगी संसार मोडून माहेरी आली की महिनाभर सगळे गप्प असतात. एकरकमी पोटगीचा आकडा ठरला की मात्र घरातल्या प्रत्येकाला तोंड फुटतं. "एवढी रक्कम बाईमाणूस कुठे सांभाळणार? दादाच्या दुकानात लाव, महिन्याला व्याज मिळेल." कुणी म्हणतं, "सोनं आहे ना, मग काळजी कसली?" आणि अगदीच काही सुचलं नाही तर अपरिग्रह काढतात. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि आज मी स्पष्टच लिहिणार आहे.

आधी अपरिग्रहाचं बोलू. श्रावकाचं पाचवं अणुव्रत आहे परिग्रह परिमाण. शेत, घर, चांदी, सोनं, धन, धान्य, एकेकाची गणती करून मर्यादा घालायची. जिला आपल्याकडे काय आहे हेच माहीत नाही, ती मर्यादा कशाला घालणार? व्रताची सुरुवातच मोजण्यापासून होते. तेव्हा हिशोब मागणाऱ्या बाईला लोभी म्हणणाऱ्यांनी व्रत पुन्हा एकदा वाचावं.

व्यापारी घरातली बाई हमखास म्हणते, "माझ्या नावावर काहीच नाही." बहुतेक वेळा हे खरं नसतं. कर वाचवण्यासाठी आपल्या घरांत सुनेच्या नावाने पॅनकार्ड काढतात, रिटर्न भरतात, ठेवी ठेवतात, शेअर घेतात. तिने फक्त "इथे सही कर" म्हटलं तिथे सही केलेली असते. त्यामुळे तिच्या नावावर मालमत्ता असते, आणि कधीकधी कर्जही.

माझ्या एका चुलतबहिणीचं उदाहरण सांगते. वय बेचाळीस, मुलगी तेरा वर्षांची. सासरचा अडतीचा धंदा. परस्पर संमतीने घटस्फोट ठरत होता, रक्कम ३६ लाख. ती म्हणाली, "अक्का, यापलीकडे माझं काही नाही गं." मी म्हटलं, अर्जावर सही करण्याआधी तीन कागद काढू.

पहिला कागद आयकराच्या संकेतस्थळावरचा, वार्षिक माहिती विवरण, ज्याला एआयएस म्हणतात. पॅनवर कुठल्या बँकेने किती व्याज दिलं, कुठून लाभांश आला, कुठले म्युच्युअल फंड घेतले, हे त्यात दिसतं. अडचण अशी, की खात्याला मोबाइल नवऱ्याचा जोडलेला होता. ओटीपी त्याच्याकडे जाणार! म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन आधारला तिचा स्वतःचा मोबाइल जोडला, मग आधारच्या ओटीपीने पासवर्ड बदलला, मग खात्यातला मोबाइल आणि ईमेल बदलला. याच क्रमाने करा. कागद उघडला तर एका सहकारी बँकेचं ४२ हजार व्याज. बँकेत चौकशी केली, तिच्या एकटीच्या नावाने ६ लाखांची ठेव होती आणि तिला पत्ताच नव्हता. पतसंस्थेतल्या ठेवी मात्र या कागदात येतीलच असं नाही, त्यासाठी घरातली जुनी पासबुकं आणि पावत्या शोधाव्या लागतात.

दुसरा कागद शेअर आणि फंडांचा एकत्रित खातेउतारा. पॅनवरून तो मिळतो. तिचा रिकामाच निघाला.

तिसरा कागद सिबिलचा अहवाल. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात दिसलं की नवऱ्याच्या तारण कर्जाला ती जामीनदार आहे. इथे लक्ष द्या. न्यायालयाने घटस्फोट दिला म्हणून बँक जामीनदाराला सोडत नाही. बँकेचा करार वेगळा, तुमचं लग्न वेगळं. तो हप्ते थकवेल तेव्हा नोटीस तिलाही येईल आणि तिचा सिबिलही खराब होईल. म्हणून संमतीच्या अटींमध्ये लिहून घेतलं की नवऱ्याने दुसरा जामीनदार देऊन बँकेकडून तिचं मुक्तीपत्र आणायचं, आणि ते आल्याशिवाय दुसऱ्या तारखेला सही नाही. धंद्याच्या कर्जाचा जामीन या अहवालात नेहमी दिसेलच असं नाही, त्यामुळे सासरच्या पेढीची खाती ज्या बँकेत आहेत तिथे लेखी विचारा. पेढीत भागीदार म्हणून नाव असेल तर नुसतं राजीनाम्याचं पत्र पुरत नाही. निवृत्तीची जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत बाहेरच्या देणेकऱ्यांच्या दृष्टीने तुम्ही भागीदारच असता.

आता सोन्याकडे येऊ. लग्नात माहेरून आणि सासरहून तुम्हाला मिळालेले दागिने हे स्त्रीधन. ते पूर्णपणे तुमचं, सासूच्या कपाटात असलं तरी तुमचंच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात हे सांगितलं आहे. पण संमतीच्या अटींमध्ये "यापुढे एकमेकांकडे कोणतंही मागणं नाही" असं वाक्य जवळपास नेहमी असतं. त्याच्यावर सही करण्याआधी दागिन्यांची यादी जोडली नाही, तर नंतर मागणं फार अवघड होऊन बसतं. लग्नाचे फोटो, सराफाच्या जुन्या पावत्या, आईची वही, जे असेल त्यावरून यादी करा. माझ्या बहिणीच्या मते तिच्याकडे चाळीस तोळे होतं. सराफाकडे वजन केलं तर हातात आलेलं अठ्ठावीस, त्यातलं नऊ तोळे खड्यामोत्यांचं, ज्यातून खडे, लाख आणि घट वजा जाते. घडणावळ तर परत मिळतच नाही. म्हणून "सोनं आहे ना" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, पाटल्या दरमहा किराणा भरतात का? सोनं ठेवा, मीही ठेवते, पण त्याला उत्पन्न समजू नका.

आता दादाचं दुकान. बहिणीचा महिन्याचा खर्च ३५ हजार, शाळेच्या ग्रंथालयातला पगार १४ हजार. म्हणजे महिन्याला २१ हजार कमी, वर्षाला २ लाख ५२ हजार. भाऊ म्हणाला, "मी शेकडा एक रुपया देतो." म्हणजे ३६ लाखांवर महिन्याला ३६ हजार. ऐकायला किती गोड! पण बँक भावाला यापेक्षा स्वस्त कर्ज देत असती, तर त्याने बहिणीला बारा टक्के दिले असते का? तो जास्त देतो कारण त्या पैशाला तारण नाही. बाजार बसला की आधी बँकेचे हप्ते जातील, मग व्यापाऱ्यांची देणी, आणि सगळ्यात शेवटी घरातली बहीण. तिला कोर्टात जाता येत नाही, कारण ती त्याच घरात जेवते. व्याज मागितलं की वहिनीचा चेहरा बदलतो. भाऊ वाईट असतो असं मी म्हणत नाही. चांगल्या भावाचाही धंदा बसतो, आणि त्या दिवशी बहिणीचा आधार आणि भावाचं दुकान दोन्ही एकदमच जातात. (अशा वर्षात हक्कसोडपत्रावरही सही करू नका. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि तो तुमच्या मोजदादीत धरायचा असतो.)

मग सगळी रक्कम मुदत ठेवीत का नाही? सात टक्के धरले तर ३६ लाखांवर बरोबर २ लाख ५२ हजार येतात. हिशोब जुळतो, पण पहिल्याच वर्षापुरता. महागाई वर्षाला सहा टक्के राहिली तर बारा वर्षांत आजचे ३५ हजार सत्तर हजार होतात आणि व्याज तिथेच राहतं. ती तेव्हा चोपन्न वर्षांची असेल. पुढची तीस वर्षं कोण बघणार?

म्हणून आम्ही पैसे कधी लागणार यावरून वाटून घेतले. सापडलेली ६ लाखांची ठेव अडीअडचणीसाठी, वर्षभराच्या पूर्ण खर्चाहून जास्त. ती दोन बँकांत ठेवली, कारण ठेव विमा एका बँकेत एका व्यक्तीला पाच लाखांपर्यंतच आहे. पतसंस्थेला तर हा विमा मुळीच नाही, मग तिथला चेअरमन कितीही ओळखीचा असो. ३६ पैकी १८ लाख पुढच्या सात वर्षांची तूट भरायला: ९ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, उरलेले ओळीने एकेका वर्षी सुटतील अशा ठेवींत. मुलीच्या कॉलेजसाठी ६ लाख, पाच वर्षांच्या ठेवीत. राहिलेले १२ लाख दहा वर्षं लागणार नाहीत, ते निर्देशांक फंडात, महिन्याला पन्नास हजार असे दोन वर्षांत. एकदम नाही, कारण २००८ साली बाजार निम्म्याहून खाली गेला होता, आणि अशी घसरण पाहून घाबरून पैसे काढणाऱ्याचंच खरं नुकसान होतं. ज्या रकमेची दहा वर्षं गरज नाही तीच तिथे न्यायची, हा नियम त्यासाठी. निफ्टीत तंबाखूचा धंदा असलेली कंपनी आहे हे मला ठाऊक आहे. जिला ते पटत नाही तिने फंडाची दरमहा जाहीर होणारी कंपन्यांची यादी वाचून दुसरा फंड निवडावा.

एकरकमी पोटगीवर साधारणपणे कर लागत नाही, दरमहा मिळणाऱ्या पोटगीवर लागतो. रक्कम ठरवताना वकिलाबरोबर करसल्लागारही बसवा, आणि तो सासरचा नको.

शेवटचं काम सगळ्यात जास्त राहून जातं. घटस्फोट झाला म्हणून बँकेतलं नामनिर्देशन आपोआप बदलत नाही, नवऱ्याचं नाव तिथे तसंच राहतं. आणि ज्या अजून नुसत्या वेगळ्या राहताहेत, निकाल झालेला नाही, त्यांनी नीट वाचा. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर हिंदू वारसा कायद्याने, जो आपल्यालाही लागू आहे, तुमच्या मिळकतीत मुलांबरोबर नवराही वाटेकरी होतो. मुलगी अज्ञान असेल तर तिच्या वाट्याचा नैसर्गिक पालकही तोच. माझ्या बहिणीने अर्ज दाखल केला त्याच आठवड्यात साध्या कागदावर मृत्युपत्र लिहिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि मुलीच्या वाट्याची व्यवस्था बघायला आपल्या मावशीचं नाव घातलं. दादा थोडा रुसला होता. दिवाळीला भाऊबीजेला मात्र आला.