जेवलाव, मग पुढं?

रात्री साडेआठच्या सुमाराला आमच्या आळीतनं एक चक्कर मारली की प्रत्येक ओसरीवर एकच बोलणं ऐकू येतं. "हां, जेवलाव. तू जेवलास का? गोळी घेतली की. पाऊस? न्हाई. बरं, ठेव." पाऊण मिनिट. मग म्हातारा फोन उशाखाली सारतो आणि दाराकडं बघत बसतो. तिकडं पुण्याला, चाकणला, हडपसरला लेकाचं त्या दिवसाचं कर्तव्य उरकलेलं असतं.

मला या फोनचा राग येतो. जो फोनच करत नाही त्याचा एवढा येत नाही, कारण आपण करत नाही हे त्याला ठाऊक तरी असतं. रोज करणाऱ्याला वाटतं, आपण बोललो.

'जेवलास का' हा प्रश्न मुळात वाईट नाही. 1972 च्या दुष्काळात मी पोरवयाचा होतो. खडी फोडायला गेलेल्या माणसांना कुणी हे विचारलं तर त्या प्रश्नात जीव होता. मिलोची लाल भाकरी किंवा पोरांना मिळालेली सुकडी, यावर दिवस निघायचा. जेवलास का म्हणजे आज मिळालं का, असा अर्थ होता. आता रेशनचं धान्य घरात आहे, गॅस आहे. प्रश्न तोच राहिला आणि आतला दाणा गेला.

आमचे एक चुलते आहेत, ऐंशी ओलांडलेले. चुलती वारल्यापासून एकटे. लेक पुण्यात कंपनीत. पोरगा गुणाचा, रोज रात्री नऊला फोन करणार म्हणजे करणार. "आप्पा, जेवलात का?" "जेवलाव." दसऱ्यापासून येळवशीपर्यंत एक दिवस खाडा नाही. येळवशीला आम्ही सगळे रानात कोपीपाशी जेवायला बसलो. चुलत्यांनी आंबिलीचा गडवा घेतला आणि उंडे, भज्जी तशीच ठेवली. येळवशीची भज्जी आमच्याकडं आजारी माणूससुद्धा सोडत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "खालच्या दाढा हलालत्या रं. चावंना." तेव्हा कळलं, अडीच महिने माणूस चहात बिस्कीट बुडवून आणि दुधात भाकरी कुस्करून दिवस काढतोय. धोतराच्या निऱ्या दोन जादा पडायला लागल्या होत्या.

पोरगा आला आणि रडला. "काका, मी रोज विचारत होतो हो." मी म्हणलं, विचारत होतास, पण ज्याचं उत्तर 'हो' असंच येणार ते विचारत होतास. आप्पा खोटं बोलले नाहीत, दूधभाकरी हे जेवणच की. तू नुसतं 'आज कालवण काय होतं' एवढं जरी विचारलं असतंस, तरी तिसऱ्या दिवशी तुला कळलं असतं की या माणसाच्या ताटात कालवणच नाही.

आता यात मीही सुटत नाही. मी तर भिंतीला भिंत लागून राहतो. रोज जाता-येता "काय चाललंय आप्पा" म्हणून पुढं जायचो. माझा तो प्रश्न म्हणजे पायी चालत केलेला पाऊण मिनिटाचा फोनच होता.

म्हाताऱ्या माणसाचं दुखणं सरळ विचारून बाहेर येत नाही. ते दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीच्या आडोशानं येतं. आमच्या घरात हे मी मंडळींच्या फोनवर बघितलं. लेक हडपसरला दिलीय. तिनं एकदा आईला विचारलं, "येसर कसं करतीस तू? माझी आमटी पातळच होती." झालं. ज्वारी किती भाजायची, हरभऱ्याची डाळ किती, धने कधी टाकायचे, वीस मिनिटं चाललं. आईचं माप चिपट्यात आणि लेकीचं वाटीत, त्यावर दोघी हसल्या. त्या बोलण्यात मधीच मंडळी म्हणाली, "मला आता पाट्यापाशी बसवत न्हाई गं, उठताना गुडघ्यात कळ येती." हे तिनं मला सांगितलं नव्हतं. लेकीनं रोज 'तब्येत बरी हाय का' विचारलं तेव्हाही 'बरी हाय'च सांगितलं होतं. येसरानं गुडघा बाहेर काढला.

माझं आणि लेकाचं बोलणं सुरू झालं ते 2025 च्या ओल्या सालात. त्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात पावसानं धुमाकूळ घातला. भूम-परंड्याकडं माणसं बोटीनं काढावी लागली. आमची माणसं, जनावरं वाचली, सोयाबीन मात्र शेंगेसकट पाण्यात कुजलं. लेक चाकणहून रोज म्हणायचा, "दादा, काळजी करू नका." मी म्हणायचो, "न्हाई करत." इथं फोन संपायचा. काळजी करू नका म्हणलं की समोरच्यानं पुढं काय बोलावं? त्याचं तोंडच बांधलं की.

एका रात्री तो सहज बोलून गेला, "वाफसा आला का?"

मी अकरा मिनिटं बोललो. नातवानं मागनं फोनवर बघून सांगितलं म्हणून आकडा ठाऊक. त्याला सांगितलं की माळाचं रान चार दिवसांत येईल, ओढ्याकडची काळी अजून घोट्यापर्यंत रुतती. वीतभर खालची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा, कमरेएवढ्या उंचीवरनं सोडायचा. फुटून मोकळा झाला तर वाफसा. चेपून तसाच राहिला तर तिफण घालू नये, नाहीतर मातीचे डिखळे होतात आणि बी दडपतं. त्याला हे लहानपणी माहीत होतं, विसरला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "गोळा फुटला का?" मला दिवसभर तेच डोक्यात होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात आहे हे कळून बरं वाटलं. मग रोजच्या फोनला धागा लागला. कालचं बोलणं आज पुढं सरकायला लागलं. माळाच्या दीड एकरात मालदांडी पेरली. ओढ्याकडचं रान वाफशावर यायला दिवाळी उजाडली. तोवर ज्वारीला उशीर झालेला, उशिराच्या ज्वारीला दाणा भरताना ओल पुरत नाही. हरभरा करावा तर कडब्याचं काय? लेक म्हणाला, "गंजीत पेंढ्या किती हायत?" मी मोजून आलो. दीड हजारांच्या आसपास. चार जनावरं, दिवसाला वीस पेंढ्या. तो लगेच म्हणाला, "म्हणजे अडीच महिने. नवा कडबा यायला चार लागतील." दीड एकराचा कडबा येईपर्यंत मधले सहा आठवडे कसे काढायचे, यावर आम्ही दोन रात्री भांडलो. शेवटी ओढ्याकडं हरभरा पेरला आणि विहिरीकडंच्या तुकड्यात हिरवा मका टाकला. मक्याची अक्कल त्याची. एवढ्यात त्यानं एकदाही 'जेवलात का' विचारलं नाही, आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

यावर शहरातली पोरं म्हणतात, आम्हाला शिफ्ट असती, ट्रॅफिक असतं, रोज एवढं कुठलं सुचणार? सुचायला काही लागत नाही. या आठवड्यात मोटारीची लाईट रात्रीची आहे का दिवसाची, एवढं एक जरी माहीत ठेवलं तरी पुरे. तीन फेजची पाळी बदलत असते. ज्याचा बाप रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, त्याच्या लेकानं सकाळी सातला फोन करून त्याला उठवू नये आणि वर 'एवढा वेळ झोपलाव व्हय' असंही म्हणू नये. फक्त खोटी विचारपूस नको. एका पोरानं आठवड्यात तीनदा बापाला विचारलं, "गाय कितव्या महिन्याला हाय?" तिसऱ्यांदा म्हातारा म्हणाला, "बाबा, तू जेवलास का ते इचार."

आणि ऐकू कमी येणारी माणसं असतात, त्यांचं वेगळं. ती कशालाही 'हां हां' म्हणतात. "आज घरी कोण आलतं?" असं विचारावं. उत्तर 'हां' आलं तर ओळखावं की ऐकूच गेलेलं नाही, आणि कान दाखवायला माणूस पाठवावा.

काही शहाण्यांनी ओसरीवर कॅमेरे बसवलेत. आई-बाप दिवसभर मोबाईलवर दिसतात म्हणे. आमच्या इथल्या एका म्हातारीनं त्या कॅमेऱ्यावर पदर टाकला. म्हणाली, "मी काय कडब्याची गंज हाय का राखण करायला?"

कायदाही आहे. 2007 साली आई-वडिलांच्या पोटगीचा कायदा झाला, लेक बघत नसेल तर अर्ज करता येतो. चीनमध्ये तर 2013 पासून कायद्यात लिहून ठेवलंय की लांब राहणाऱ्या लेकरांनी म्हाताऱ्यांना वरचेवर भेटावं, विचारपूस करावी. करा म्हणावं. पण कायद्याला जास्तीत जास्त फोन लावता येईल. पुढं काय बोलायचं हे कुठल्या कलमात बसवणार?

माझे थोरले भाऊ सोलापूरला गिरणीत होते. पंधरा पैशाचं कार्ड यायचं. त्यात जेवणाबद्दल अवाक्षर नसायचं, जागाच नसायची. 'ढवळ्याचा खांदा बसला का? विहिरीला पाणी किती परस?' एवढंच. वडिलांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो आणि ते दुसऱ्यांदा वाचायला लावायचे. मग एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरला की रांग लागायची, आकडा पळताना बघत माणसं मुद्द्याचं बोलायची. 2016 नंतर बोलणं जवळपास फुकट झालं आणि विषय संपले.

पण सगळा चाबूक लेकरांवर ओढला तर अन्याय होईल. आम्ही तरी काय विचारतो? "सुट्टी कवा हाय? पगार झाला का?" माझा लेक कंपनीत नेमकं काय करतो हे मला नऊ वर्षं ठाऊक नव्हतं. 'मोठ्या कंपनीत हाय' एवढं पारावर सांगायला पुरत होतं. कडब्याचा हिशेब झाल्यावर मला लाज वाटली आणि मी विचारलं. तो लोखंडी भाग तपासतो. त्याच्याकडं एक गेज असतं. त्याचं एक टोक भोकात शिरलंच पाहिजे आणि दुसरं शिरताच कामा नये. दुसरं शिरलं की भाग बाद. मी म्हणलं, म्हणजे तुझा वाफसाच की हा. हसला. मग चार दिवसांनी आपणहून सांगितलं की एक अख्खी लॉट बाद झाली, वरच्यानं सगळ्यांसमोर शिव्या दिल्या, रात्री जेवण गेलं नाही. 'जेवलास का' विचारून नऊ वर्षांत हे कधी निघालं नव्हतं.

सध्या विषय गायीचा चाललाय. नऊ महिने भरून वर सहा दिवस झालेत. काल त्यानं विचारलं, कास उतरली का, आणि मागची हाडं सैल पडलीत का. मी अंदाजानं काहीतरी सांगितलं ते त्यानं ओळखलं. आता सव्वाआठ झालेत. आधी बॅटरी घेऊन गोठ्यात जाऊन नीट बघून यायला पाहिजे.