फक्त दहा रुपयांचा प्रश्न!

भाव वाढवणं सोप्पं असतं हो. वाढवलाय हे सांगणं, तेही रोज तोंड बघावं लागणाऱ्या गिऱ्हाईकांना, हेच खरं टेन्शन! तुमच्यातले निम्मे जण ऑफिस सांभाळून काही ना काही साइड बिझनेस करताहेत. कुणी वीकएंडला केक करतं, कुणी योगाचा क्लास घेतं, कुणाच्या घरून डबे जातात. म्हणून आज बोलूया भाववाढीच्या मेसेजबद्दल. आणि उदाहरण घेऊया आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं : डबा.

माझी एक मैत्रीण आयटीवाल्या पोरांना डबे देते. चाळीस डबे, महिन्याचे सव्वीस दिवस, डबा ९० रुपये. दोन वर्षांत दर एका पैशानं वाढवला नव्हता. शेवटी हिय्या करून तिनं मेसेज लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला. ‘प्रिय ग्राहकहो, आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, सध्याच्या भीषण महागाईमुळे नाइलाजास्तव...’ पुढे गॅस, तेल, कांदा, पेट्रोल, कामवालीचा पगार, मुलाच्या शाळेची फी. नवा दर अकराव्या ओळीत! म्हटलं, बाई गं, हा मेसेज आहे की शोकसभेचं भाषण?

आधी कागद-पेन घेऊन हिशेब केला. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.) दोन वर्षांपूर्वी एका डब्याला ६८ रुपये खर्च यायचा, आता ७७ येतो. म्हणजे डब्यामागे सुटणारे २२ रुपये १३ वर आलेत. दर १०० केला तर २३ सुटतील. तिला भीती होती, ‘गिऱ्हाईकं तुटली तर?’ तेही मोजलं. आज चाळीस डब्यांचे १३ च्या हिशेबानं दिवसाला ५२० सुटतात. नव्या दरानं तेवीस डब्यांत ५२९ होतात. म्हणजे कागदावर सतरा जण सोडून गेले तरी ती आजच्याइतकीच कमावते. प्रत्यक्षात डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार डबे कमी झाले म्हणून कमी होत नाही, त्यामुळे सतरा जरा जास्तच. पण पाच-सहा गेले तरी आभाळ कोसळत नाही, एवढं नक्की. हे आकडे हातात असले की मेसेजमधला रडका सूर आपोआप जातो.

आता कारण. ते द्यायचं, पण एकच आणि एका वाक्यात. यामागे चक्क रिसर्च आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी कॅनडात लोकांना फोन करून काही प्रश्न विचारले आणि १९८६ मध्ये ते छापले. एक प्रश्न असा : दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला मिळतं, रात्री जोरदार बर्फ पडला आणि सकाळी दुकानदारानं ते २० ला केलं. ८२ टक्के लोक म्हणाले, हा अन्याय आहे. दुसरा प्रश्न : किराणावाल्याला लेट्यूसचा गड्डा ३० सेंट महाग पडला आणि त्यानं गिऱ्हाईकाला तेवढेच ३० सेंट वाढवून लावले. ७९ टक्के म्हणाले, चालेल की!

फंडा सरळ आहे. तुमचा खर्च वाढला म्हणून दर वाढला, तर लोक समजून घेतात. आमची गरज बघून वाढवला, तर डोक्यात जातं. धो धो पावसात छत्रीचा भाव वाढवणारा आठवतो ना? तसंच. म्हणूनच ‘हल्ली डिमांड खूप आहे’ किंवा ‘बाकीचे सगळे १२० घेतात’ ही कारणं खरी असली तरी मेसेजमध्ये नकोत. गॅस आणि तेल चालतं, कारण त्यांचे भाव तुमच्या गिऱ्हाईकाच्या आईलाही पाठ असतात. आणि मुलाची फी? ती फक्त तुमची अडचण आहे, डब्याचा खर्च नाही. सहा कारणं दिली की वाचणारा त्यातलं सगळ्यात कच्चं कारण पकडून वाद घालतो.

शेवटी मेसेज असा झाला :

‘नमस्कार. पुढच्या १ तारखेपासून डबा ९० ऐवजी १०० रुपये होईल. दोन वर्षांत गॅस, तेल आणि डिलिव्हरीचा खर्च डब्यामागे ९ रुपयांनी वाढलाय. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात सगळं तेच आणि तेवढंच राहील. ज्यांनी पुढचे पैसे भरलेत, त्यांना ते संपेपर्यंत जुनाच दर. भात नको असेल तर ९० रुपयांत छोटा डबा मिळेल. कोणता हवा ते २५ तारखेपर्यंत कळवा.’

बघा, दर आणि तारीख पहिल्याच वाक्यात. माफी नाही, ‘नाइलाजास्तव’ नाही. मेसेज गेला १० तारखेला, म्हणजे लोकांच्या हातात तीन आठवडे होते. ३० तारखेला रात्री कळवलं असतं तर तेच दहा रुपये कुरापत वाटले असते. ज्यांनी तीन महिन्यांचे आगाऊ भरले होते, असे चार जण होते. त्यांचे दोन महिने बाकी. जुना दर पाळायला तिला एकूण २,०८० रुपये पडले. एवढ्यात चार जण तुमचे फॅन होत असतील तर सौदा स्वस्त! आणि ९० चा पर्याय ठेवल्यामुळे बजेट टाइट असलेल्याला निघून जायची गरज उरली नाही. चोरून चारच्या तीन पोळ्या करण्यापेक्षा हे कधीही बरं. पोळ्या सगळे मोजतात, बोलत नाहीत इतकंच.

अजून एक. मेसेज ग्रुपवर टाकू नका. एकानं ‘जरा जास्तच होतंय’ लिहिलं की खाली पाच अंगठे उगवतात. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टनं पाठवलात तर तो ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. बाकीच्यांना वेगळा पाठवा. आणि कुणी ‘माझ्यासाठी तरी ९० च ठेवा ना’ म्हणालं, तर गोड बोलून छोट्या डब्याकडे वळवा. एकाला दिलेली सूट लंच टेबलवर दहा मिनिटांत फुटते आणि मग उरलेल्या एकोणचाळीस जणांना काय सांगणार?

मेसेजवर कुणी काहीच बोललं नाही, म्हणजे जमलं असं समजू नका. निकाल १ तारखेला लागतो, आणि खरा निकाल त्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेला. आधी गुपचूप पैसे भरलेला माणूस दुसऱ्या महिन्यात आठवड्याला दोन डबे ‘आज नको’ म्हणायला लागला, तर समजा, नाराजी आहे. त्याला दुसरा मेसेज नको. सरळ फोन करा आणि विचारा, ‘जेवण आवडत नाहीये का?’ बहुतेकदा तो दहा रुपयांबद्दल स्वतःच बोलेल.