कोणता व्हिडिओ कुठे अडकलाय, ते लिहून कळवा

दोघं मिळून यूट्यूब चॅनेल चालवत असाल, म्हणजे एकजण शूटिंग करतो आणि दुसरा एडिटिंग, तर आठवड्यातून एकदा जोडीदाराला व्हिडिओंची स्थिती लिहून पाठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी चालेल, पण फोनवर सांगून सोडून देऊ नका. आठवणीवर विसंबलं की कामं राहतात. लिहायच्या आधी स्टुडिओतली कंटेंटची यादी उघडा आणि पाहूनच लिहा.

पाककृतींच्या चॅनेलची अशी एक नोंद पाहा:

«ताई, ज्वारीची भाकरी शुक्रवारपासून पब्लिक आहे, पण पार्श्वसंगीतावर कॉपीराइटचा दावा आलाय. परवाना आपल्याकडे आहे, म्हणून मी हरकत नोंदवली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आहेत, तोवर डिलीट करू नकोस. भरली वांगी बुधवारी संध्याकाळी ६ ला शेड्युल आहे. थंबनेल मंगळवारी दुपारपर्यंत दे. कटाची आमटी तुझ्याकडे तपासायला आहे. अनलिस्टेड लिंक पाठवलीय, फोडणीच्या जागी आवाज कमी वाटतो का ते बघ.»

‘भाकरी रिव्ह्यूत आहे’ एवढंच लिहिलं असतं, तर ताईला वाटलं असतं की व्हिडिओ अजून बाहेर आलाच नाही. खरं तर दावा आलेला व्हिडिओ बहुतेक वेळा सगळ्यांना दिसतच राहतो. अडकतात ते त्याचे पैसे, आणि दावेदाराने एखाद्या देशापुरता अडवला असेल तर तिथल्या लोकांना तो दिसत नाही. म्हणून ‘दिसतोय का’ आणि ‘तपास कोणाकडे आहे’ हे वेगवेगळं लिहा. तपास तीन ठिकाणी असू शकतो: जोडीदाराकडे, यूट्यूबकडे किंवा दावेदाराकडे. यूट्यूबची कॉपीराइटची तपासणी अपलोडच्या वेळी आपोआप होते. जाहिरातींचं चिन्ह पिवळं झालं, तर माणसाकडून फेरतपासणी मागता येते. ती मागितली का आणि कधी, हेही लिहा. हरकत मात्र परवाना हाताशी असेल तरच घ्यावी, नुसत्या रागापोटी नव्हे.

शेड्युल केलेला व्हिडिओ ठरलेल्या वेळेपर्यंत प्रायव्हेट असतो. त्याची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर आधीच टाकली, तर ‘उघडत नाही गं’ असे मेसेज येत बसतात. जोडीदाराला बघायला द्यायचा असेल तर अनलिस्टेडच ठेवा आणि मग शेड्युल करा.

आणखी एक गोष्ट. चॅनेलवर कम्युनिटी गाइडलाइन्सचा स्ट्राइक आला, तर निर्बंधाच्या काळात शेड्युल केलेले व्हिडिओ प्रायव्हेट होतात आणि निर्बंध उठल्यावर ते पुन्हा शेड्युल करावे लागतात. त्या आठवड्याच्या नोंदीत अशा व्हिडिओंपुढे जुनी तारीख तशीच ठेवू नका. ‘तारीख नव्याने ठरवायची’ असं लिहा आणि ती कोण ठरवणार त्याचं नाव टाका.