हाच माणूस का?

आमच्या वरळी कोळीवाड्यातली एक मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. लिंक्डइनवर तिला एका पूल-अभियंत्याला निमंत्रण पाठवायचं होतं. ना ओळख, ना पाळख. सोबत चार ओळी लिहायला गेली, तर चौकट मध्येच अडून बसली. "मावशी, पुढे टाइपच होत नाही," म्हणाली.

तिने लिहिलं होतं ते असं:

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आपली प्रोफाइल पाहून मी अत्यंत प्रभावित झाले. पूलबांधणी क्षेत्रातला आपला प्रदीर्घ अनुभव आमच्यासारख्या नवोदितांना प्रेरणादायी आहे. मी स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असून"

आणि 'असून'पाशी गाडी थांबली. मोफत खात्याला या चिठ्ठीसाठी 200 अक्षरं मिळतात, पैसे भरणाऱ्याला 300. शिवाय मोफत खात्यावरून महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या पाठवता येतात. मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. संगणक आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडणारा हलंत, सगळं तो सुटं मोजतो. 'नमस्कार' आपल्या डोळ्याला चार अक्षरांचा, त्याच्या हिशोबाने सात. 'प्रेरणादायी' पाचाचा, त्याच्याकडे अकरा. म्हणजे भारदस्त शब्द मराठीत दुप्पट महाग पडतात.

पण खरी अडचण जागेची नव्हतीच. 200 अक्षरं खर्ची पडली तरी ती त्या माणसाला का लिहिते आहे, हे कुठेच आलं नव्हतं. पुढे जागा मिळाली असती तर 'मार्गदर्शन मिळावे ही विनंती' आलं असतं, तेही कारण नव्हे. मी तिला म्हटलं, वरचं नाव बदल आणि हीच चिठ्ठी दुसऱ्या कुठल्याही इंजिनिअरला पाठव. एक शब्द तरी बदलावा लागेल का? तिने मान हलवली. मग तिने सगळं पुसून लिहिलं, "नमस्कार सर, आपल्याशी जोडून घ्यायला आवडेल." छोटं झालं, पण कारण अजूनही नाही. वाचणाऱ्याला ते पहिल्यापेक्षाही परकं वाटलं असतं.

मी मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, "इतके इंजिनिअर आहेत, तुला हाच माणूस का हवा?"

तेव्हा ती बोलायला लागली. सागरी किनारा रस्ता आणि सी लिंक जोडणाऱ्या पुलाची पहिली कमान 26 एप्रिल 2024 ला पहाटे बसवली. 136 मीटर लांब, सुमारे 2000 टनांची ती कमान न्हाव्याहून तराफ्यावरून समुद्रमार्गे आणली होती. ही मुलगी तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. त्या रात्री ती बाबांबरोबर बंदरावर जागी होती. आमच्या लोकांसाठी तो नुसता पूल नव्हता. होड्या जायच्या वाटेवर दोन खांबांमध्ये आधी 60 मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. कोळ्यांनी ते अडवून धरलं आणि शेवटी एक खांब कमी होऊन वाट 120 मीटरची झाली. त्या वाटेवर कमान कशी टेकते, ते तिला आणि बाबांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

बाबांनी तेव्हाच बोटांवर हिशोब केला होता. भरतीची वेळ काढायची आमची जुनी रीत आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि बारापासून पुढे दर तिथीला पाऊण तास धरायचा. हनुमान जयंतीची पुनव मंगळवारी होऊन गेली होती, म्हणजे त्या रात्री वद्य द्वितीया. दोन पाऊण तास, दीड वाजताची भरती. कमान बसली साडेतीनच्या सुमाराला. बाबांचं म्हणणं, भरतीच्या पाण्यावर तराफा उंच असताना कमान खांबांवर आणली आणि पाणी उतरेल तशी ती आपोआप टेकवली. समुद्राने क्रेनचं काम केलं. पुढे दीड-दोन वर्षांनी तिच्या वाचण्यात या अभियंत्याची मराठी पोस्ट आली. कमान बसवण्यावर त्याने बरंच लिहिलं होतं, पण भरती-ओहोटीचा उल्लेख नव्हता. बाबांचा अंदाज खरा की खोटा, हे तिला विचारायचं होतं.

"मग हे लिही ना," मी म्हटलं. तिला वाटत होतं, एवढं साधं कसं विचारायचं, आधी थोडी स्तुती नको का? मला वाटतं, कुणाचं लिखाण वाचून त्यातली सुटलेली गोष्ट विचारणं हा मोठा मान आहे. 'तुमचं सगळं लिखाण नेहमी वाचते' असंही तिला घालायचं होतं. मी ते घालू दिलं नाही. तिने एकच पोस्ट वाचली होती.

मग तिने बोलते तसं लिहिलं. 'आपली'चं 'तुमची' झालं. 'आदरणीय' गेलं, 'सर' मात्र राहिलं, कारण समोर भेटले असते तरी ती सरच म्हणाली असती. 'सिव्हिल डिप्लोमाला आहे' हे आधी होतं, 183 अक्षरांत बसतही होतं. पण निमंत्रणाबरोबर नाव आणि नावाखालची ओळख तशीही दिसते, आणि तिच्या ओळखीत शिक्षण लिहिलेलंच आहे. मग चिठ्ठीत 24 अक्षरं त्यावर कशाला घालवायची? कोळीवाडा मात्र तिथे दिसत नाही, आणि प्रश्नाला वजन आहे ते त्याचंच. शेवटी उरलं ते 159 अक्षरांचं:

"नमस्कार सर. पुलाची कमान बसवण्यावरची तुमची पोस्ट वाचली. मी वरळी कोळीवाड्यातली. बाबा म्हणतात, त्या रात्री दीडची भरती ओसरताना कमान टेकवली असणार. खरंच तसं होतं का?"

उरलेल्या जागेत 'आपली विश्वासू' घालू का, असं तिने विचारलं. जागा उरली तर उरू दे, म्हटलं. प्रश्नचिन्हावर थांबलं की समोरच्याला उत्तर कुठून सुरू करायचं ते कळतं, आणि हे उत्तर त्याला एका ओळीत देता येईल.

तिच्या मनात नोकरीही आहे, ते तिने लपवलं नाही. परीक्षेनंतर साइटवर काम हवंच आहे. पण हा माणूस कुणाला नोकरीवर घेतो की नाही, ते तिला माहीत नाही, म्हणून त्या चिठ्ठीत ते नको. उद्या एखाद्या कंपनीत तिने अर्ज केला आणि तिथल्याच कुणाला लिहिलं, तर पहिल्याच वाक्यात अर्जाचं लिहावं. आधी कमानीचं विचारायचं आणि ओळख झाली की दुसऱ्या दिवशी बायोडेटा पाठवायचा, हे मला फसवणुकीसारखं वाटतं.

पाठवण्याआधी तिने ते मोबाइलच्या वहीत उतरवून एकदा मोठ्याने वाचलं. एकदा गेलेली चिठ्ठी दुरुस्त करता येत नाही. निमंत्रण मागे घेता येतं, पण मग त्याच माणसाला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. शिवाय नुसतं Connect दाबलं तर फोनवर कधी कधी चिठ्ठीविनाच निमंत्रण जातं. म्हणून चिठ्ठी जोडायचा पर्याय आधी शोधून तिने मजकूर चिकटवला आणि पाठवला.

चौथ्या दिवशी निमंत्रण स्वीकारलं गेलं आणि खाली एक ओळ आली: "दीडची भरती बाबांनी कशी काढली, ते आधी सांगाल?" ती धावतच बंदरावर गेली. बाबा जाळं शिवत बसले होते. सुई खाली ठेवून त्यांनी बोटं मोजायला घेतली, आणि ती शेजारी बसून टाइप करायला लागली.