पहाटे तीनची नोकरी आणि तिची जाहिरात

‘बेकरीसाठी मदतनीस पाहिजे. पगार योग्यतेनुसार. अनुभवी असल्यास प्राधान्य.’ एवढ्या तीन ओळी लिहिल्या की आपलं काम झालं, असं मालकाला वाटतं. मग आठवडाभर फोन येतात, दोन-तीन पोरं येऊन बघून जातात, एखादा चार पहाटा टिकतो आणि पाचव्या दिवशी त्याचा फोन लागत नाही. हल्लीच्या पोरांना काम नको, हा निष्कर्ष त्यावर तयारच असतो. जाहिरातीतच खोट होती का, हे कुणी पाहत नाही.

परभणीहून मानवत रोडकडे जाताना लागणाऱ्या पेडगावासारख्या गावात एका छोट्या बेकरीला पहाटेच्या पाळीसाठी माणूस हवा आहे, असं धरू. सकाळी साडेसहाला मिसळीच्या गाड्यावर आणि किराणा दुकानांत पाव पोचायचा, तर मैदा तीनला मिक्सरमध्ये पडलाच पाहिजे. मळणं, पीठ फुगू देणं, गोळे वळणं, साच्यात पुन्हा फुगवणं आणि भाजणं यांत तीन तास सहज जातात. त्यामुळे वेळेत घासाघीस करायला जागा नाही. घासाघीस होते ती पगाराची आणि शिकवण्याची.

मालकाची बाजू आधी ऐकू. तो म्हणतो, येणाऱ्याला काही येत नाही. सहा महिने शिकवायचं आणि हात बसला की तो पुण्याला जायचा. मग पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार का द्यायचा? यात तथ्य आहे. बेकरीत न शिकलेला हात नुसता संथ नसतो, तो माल बिघडवतो. पिठाचं तापमानच बघा. मळून झाल्यावर पीठ साधारण 27 अंशांवर असावं लागतं. म्हणून कारागीर 27 ची तिप्पट करतो, 81, आणि त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने वाढणारे अंश वजा करतो. घर्षणाचा आकडा यंत्राप्रमाणे बदलतो. इथे 8 धरू. जानेवारीच्या पहाटे मैदा 18, खोली 17, तर पाणी 38 अंशांचं, म्हणजे कोमट लागतं. मे महिन्यात मैदा 35, खोली 33, तर पाणी 5 अंशांचं. बर्फ घातल्याशिवाय जमत नाही. नव्या पोराने मे महिन्यात सरळ नळाचं पाणी ओतलं, तर ईस्ट धावत सुटतं, पिठाला आंबूस वास येतो आणि पाव भट्टीत बसतो.

दहा किलो मैद्याच्या एका घाण्यात सहा लिटरच्या आसपास पाणी, शिवाय तेल, साखर, मीठ, ईस्ट. त्यातून चाळीसेक ग्रॅमचे चारशे पाव होतात. मैदा किलोला चाळीस रुपये धरला तरी एक घाणा गेला की मैद्याचेच चारशे रुपये गेले. पोराचा दिवसाचा पगारही त्याच्याच आसपास असतो. मालक घाबरतो तो याला.

पण या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जो पोरगा एका चुकीत चारशे पाव घालवू शकतो, तो हमाल नव्हे. त्याच्याकडून आपण अंदाज आणि लक्ष विकत घेतो आहोत. बेकरी हा आपल्या राज्यात किमान वेतनाच्या यादीतला उद्योग आहे, आणि त्यावरचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. चालू आकडा कामगार कार्यालयातून घ्यावा. त्याच्या खाली ‘शिकाऊ पगार’ नावाची सोय मालकाने मनाने काढू नये.

उदाहरणापुरता पगार 13,520 रुपये धरू. महिन्याचे 26 दिवस, रोजचे आठ तास, म्हणजे तासाला 65 रुपये. तीन ते अकरा अशी पाळी सांगून, ट्रे धुणं आणि ओटा पुसणं यांत रोज बारा वाजवले, तर जादा तासाला दुप्पट दराने महिन्याचे 3,380 रुपये मालक त्याचे देणं लागतो. पोरं पळतात ती बहुधा पहाटेला भिऊन नव्हे. अकराचे बारा होतात आणि ते कुणी मोजत नाही, म्हणून. आणि दिवसाला बाराशे पाव निघत असतील, तर याच पगाराचा भार पावामागे त्रेचाळीस-चव्वेचाळीस पैसे येतो. तो हलका नाही, पण धंदा बुडवणाराही नाही.

मग सरकारी शिकाऊ उमेदवारी का घेऊ नये? केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना कमाल 1,500 रुपये, सरकार भरतं, आणि 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ही वाट ऐच्छिक खुली आहे. अडचण वेळेची आहे. शिकाऊ उमेदवाराला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात प्रशिक्षणावर ठेवायचं तर शिकाऊ सल्लागाराची आधी मंजुरी लागते. नेमकं शिकण्याचं काम तर तीन ते सहाच्या दरम्यानच होतं. आयटीआयचा बेकर अँड कन्फेक्शनर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठात 1976 पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. पण तिथून शिकून आलेला गावच्या बेकरीत मदतनीस म्हणून किती दिवस राहील? माझा कौल असा, की पेडगावच्या बेकरीने कामगार म्हणूनच घ्यावं आणि शिकवणं आपल्या भट्टीवर करावं.

मात्र शिकवण्याला टप्पे हवेत, आणि तेही जाहिरातीत. पहिला महिना वजनं, ट्रे, साफसफाई आणि गोळे वळणं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पाण्याचा हिशेब आणि फुगवण ओळखणं: पीठ लावलेलं बोट हलकं दाबलं आणि खड्डा लगेच वर आला तर थांबायचं, हळूहळू अर्धा भरला तर भट्टीत घालायचं, तसाच राहिला तर उशीर झाला. पुढे भट्टी. टप्पा जमला की पगार किती वाढेल, तो आकडा लिहावा. पोरगा पुण्याला जाईल ही भीती त्याने संपत नाही. पण ‘इथे थांबलो तर काय’ याचं उत्तर त्याच्या हातात राहतं. ज्यांनी दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घ्यायचा विचार केला असेल, त्यांनी तो सोडावा. मन उडालेल्या माणसाकडून पहाटे तीनला पीठ मळून घेणं परवडत नाही.

बायकांना ही पाळी द्यावी का, हाही प्रश्न येतोच. कायदा संमती, सुरक्षा आणि ने-आणीची सोय मागतो. ती जमत नसेल तर खारी, टोस्ट आणि पॅकिंगची सातनंतरची वेगळी जागा काढावी. ‘फक्त पुरुष’ लिहून मोकळं होऊ नये.

अर्ज कसा करायचा, हेही नीट सांगावं. भट्टी पेटलेली असताना सकाळी फोन करून उपयोग नाही. ‘अकरा ते एक या वेळात प्रत्यक्ष या’ असं लिहावं. वय 18 पूर्ण असल्याचा पुरावा आणि बँक पासबुक पुरे. अन्न हाताळणाऱ्याला डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र दरवर्षी लागतं, त्याचा खर्च बेकरीने करावा. अनामत मागितली, तर उमेदवाराने तिथूनच परत फिरावं. त्यानंतर तीन पहाटा कामावर बोलवावं, तिन्हीचा पूर्ण रोज द्यावा, आणि तीन वाजता तो घरून कसा येणार हे आधी विचारावं. त्या वेळी परभणीहून एसटी नसते. गावातला किंवा स्वतःची दुचाकी असलेला माणूस मिळाला तर उत्तम. नाहीतर बेकरीच्या मागे एक खाट, पंखा आणि कुलूप लागणारं दार असलेली खोली पगाराबरोबर जाहिरातीत मांडावी लागेल.